रिले बोर्डावरचा एक जम्पर आणि 230 व्होल्टची सीमा

फोनवरून दिवा लावायचा, तर सामान फारसं लागत नाही. एक वायफाय मॉड्यूल (बहुतेकदा ईएसपी8266 किंवा ईएसपी32), एक रिले बोर्ड आणि पाच व्होल्टचा पुरवठा एवढ्यात काम होतं. रिले बोर्डाच्या वर्णनात "ऑप्टोकपलर आयसोलेशन" असे शब्द हमखास असतात. ते वाचून खरेदी करणाऱ्याला वाटतं की घरातली 230 व्होल्टची वीज आणि आपलं नाजूक मॉड्यूल यांच्यामध्ये आता भक्कम भिंत उभी आहे, आपण फक्त वायरी जोडायच्या.

प्रत्यक्षात बोर्ड जसा पाकिटातून निघतो तसाच जोडला, तर तो ऑप्टोकपलर, म्हणजे संदेश प्रकाशातून पलीकडे नेणारा छोटा तुकडा, वीज अडवण्याचं काम करतच नाही. भिंत असते, पण ती दुसरीकडे असते, आणि ती किती जाड आहे हे त्या वर्णनावरून कळत नाही. ती नेमकी कुठे असते, कुठे पातळ होते आणि आपल्याच हातून तिला भोक कसं पडतं, हे समजून घेतल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

## कमी व्होल्टेजची बाजू आपोआप सुरक्षित का नसते

"मॉड्यूल तर 3.3 व्होल्टवर चालतं, त्याला हात लावला तर काय होणार?" हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पण व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमध्ये मोजतात. 3.3 व्होल्ट हा फरक मॉड्यूलच्या दोन पिनांमधला आहे. त्या दोन्ही पिना जमिनीच्या तुलनेत किती व्होल्टवर आहेत, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही.

समजा मॉड्यूलची ग्राउंड पिन कुठल्याशा चुकीने फेजला चिकटली. मॉड्यूलला याचा पत्ताही लागणार नाही. त्याच्या दृष्टीने 3.3 व्होल्ट तेवढेच आहेत, वायफाय चालू आहे, फोनवरून दिवाही लागतो. पण त्या मॉड्यूलच्या कुठल्याही धातूला जमिनीवर उभ्या माणसाने हात लावला, तर त्याला पूर्ण 230 व्होल्टचा झटका बसेल. म्हणून "चालतंय ना, मग ठीक आहे" हा निकष इथे लावताच येत नाही. सगळं व्यवस्थित चालत असताना सीमा तुटलेली असू शकते.

आयसोलेशन म्हणजे एवढंच: दोन मंडळांमध्ये वीज वाहून नेणारा एकही रस्ता नसणं. संदेश जावा, ऊर्जाही जावी, पण ती चुंबकीय क्षेत्रातून किंवा प्रकाशातून, तांब्यातून नाही. घरातल्या या जोडणीत सीमा तीन ठिकाणी ओलांडली जाते: रिलेमध्ये, पाच व्होल्टच्या पुरवठ्यात आणि आपण स्वतः ओढलेल्या वायरींमध्ये.

## रिले: खरी भिंत इथे आहे

कागदावर टाचणी ठेवून खालून लोहचुंबक फिरवला की टाचणी हलते, पण चुंबक तिला शिवत नाही. रिले याच तत्त्वावर चालते. कॉइलमध्ये वीज सोडली की ती चुंबक बनते आणि शेजारची लोखंडी पट्टी ओढून घेते. पट्टी हलल्यावर पलीकडचे कॉन्टॅक्ट जुळतात. कॉइल आपल्या बाजूची, कॉन्टॅक्ट घरच्या विजेच्या बाजूचे. मधला "कागद" म्हणजे रिलेच्या आतलं प्लास्टिक आणि हवेची फट.

हा कागद किती जाड आहे ते रिलेच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. स्वस्त बोर्डांवर सगळीकडे दिसणारी पाच व्होल्टची निळी चौकोनी रिले घ्या. तिच्या पत्रकात कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यामध्ये 1500 व्होल्ट एसी एक मिनिट सहन होतील असं लिहिलेलं आढळतं. 230 व्होल्टसाठी हे भरपूर वाटेल. पण विजेच्या लाइनवर जवळपास वीज पडल्याने किंवा मोठी मोटर बंद झाल्याने क्षणभरासाठी हजारो व्होल्टच्या लहरी येतात. त्यामुळे ज्या भागाला माणूस नेहमी हात लावणार आहे, त्याच्यासाठी घरगुती उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानकं 3000 व्होल्टची चाचणी मागतात. अशा इन्सुलेशनला प्रबलित इन्सुलेशन म्हणतात. 1500 व्होल्टची रिले पहिल्या पातळीचं, म्हणजे मूलभूत संरक्षण देते. दुसरी पातळी आपल्याला उभी करावी लागते.

ती उभी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कॉइल आणि कॉन्टॅक्टमध्ये 4000 ते 5000 व्होल्ट सहन करणारी रिले निवडायची. अशा रिले सहज मिळतात, फक्त त्या स्वस्त बोर्डांवर नसतात. दोन, सगळं मंडळ बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचं आणि कमी व्होल्टेजची एकही वायर किंवा धातूचा भाग डब्याबाहेर येऊ द्यायचा नाही. म्हणजे डबाच दुसरी भिंत होतो. घरी जोडणाऱ्याला दुसरा मार्ग सोपा पडतो, पण त्याची अट पाळावी लागते. डब्याला भोक पाडून तापमानाचा सेन्सर बाहेर लोंबकळत ठेवला, की दुसरी भिंत गेली.

रिले चांगली असूनही तिच्याखालचा बोर्ड दगा देऊ शकतो. बोर्ड उलटा करून पाहा. कॉन्टॅक्टची सोल्डर केलेली टोकं आणि कॉइलची टोकं यांच्यामध्ये बोर्डाच्या पृष्ठभागावरून किती अंतर आहे? धूळ आणि ओलावा साचला की वीज या पृष्ठभागावरून सरपटत जाते. 230 व्होल्टच्या प्रबलित इन्सुलेशनसाठी साधारण 5 मिलिमीटर अंतर लागतं. मी 6 मिलिमीटरच्या खाली जात नाही. बऱ्या बोर्डांवर सामाईक कॉन्टॅक्टभोवती एक आरपार कापलेली खाच दिसते. हवेत सरपटायला पृष्ठभाग नसतो, म्हणून ती खाच उपयोगी. खाच नसेल आणि तांब्याच्या पट्ट्या दोन मिलिमीटरवर आलेल्या असतील, तर तो बोर्ड बारा व्होल्टच्या खेळण्यांसाठी ठेवा.

## मग ऑप्टोकपलर काय करतो?

ऑप्टोकपलरच्या छोट्या काळ्या तुकड्यात एका बाजूला अवरक्त एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश पडला की चालू होणारा ट्रान्झिस्टर असतो. संदेश प्रकाशातून जातो. रिले बोर्डावर सर्रास दिसणारा पीसी817 हा तुकडा तर 5000 व्होल्ट सहन करतो.

पण तो बसवलेला कुठे आहे ते पाहा. त्याच्या एका बाजूला मॉड्यूलची पिन, दुसऱ्या बाजूला रिलेची कॉइल. म्हणजे तो मॉड्यूलला कॉइलपासून वेगळं करतो, घरच्या विजेपासून नाही. कॉइल बंद होताना तिच्यातून उसळणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलपर्यंत पोहोचू नये हा त्याचा रोजचा उपयोग. रिलेची आतली भिंत फुटून 230 व्होल्ट कॉइलवर आले, तर मात्र तो दुसरी भिंत ठरू शकतो. फक्त त्यासाठी त्याच्या दोन्ही बाजू खरोखर वेगळ्या असायला हव्यात.

त्या वेगळ्या असतात की नाही हे एका जम्परवर ठरतं. दोन किंवा चार रिलेच्या नेहमीच्या बोर्डावर तीन पिनांची एक जागा असते: जेडी-व्हीसीसी, व्हीसीसी आणि जीएनडी. पहिल्या दोन पिनांवर एक छोटी टोपी, म्हणजे जम्पर, बसवलेला येतो. व्हीसीसी ऑप्टोकपलरच्या एलईडीला वीज देतो, जेडी-व्हीसीसी कॉइलला. जम्परमुळे दोन्ही एकच होतात. एकाच पुरवठ्यावर दोन्ही बाजू चालल्या, ग्राउंडही एकच झालं, की 5000 व्होल्टच्या ऑप्टोकपलरला वळसा घालून जाणारा तांब्याचा रस्ता तयार झाला.

खरं वेगळेपण हवं असेल तर जम्पर काढायचा. जेडी-व्हीसीसी आणि त्याच्या शेजारचा जीएनडी यांना एक स्वतंत्र पाच व्होल्टचा पुरवठा द्यायचा. मॉड्यूलकडून बोर्डाला फक्त व्हीसीसी आणि नियंत्रणाच्या वायरी (आयएन1, आयएन2) जोडायच्या. मॉड्यूलचं ग्राउंड बोर्डाला जोडायचंच नाही. इथेच बहुतेकांचा हात थांबत नाही, कारण "ग्राउंड सगळीकडे एक हवं" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. या बोर्डावरचे दोन्ही जीएनडी कॉइलच्या बाजूचे असतात. मॉड्यूलचं ग्राउंड तिथे जोडलं की जम्पर काढूनही काही उपयोग नाही.

## एक जोडणी, आकड्यांसह

ईएसपी8266 आणि दोन रिलेचा बोर्ड घेऊ. व्हीसीसीला 3.3 व्होल्ट द्यायचे की 5, यावर पुष्कळ गोंधळ असतो. आयएन पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टवर गेली की रिले चालू होते. तेव्हा वीज व्हीसीसीकडून 1000 ओहमचा रोध, बोर्डावरचा लाल दिवा आणि ऑप्टोकपलरचा एलईडी यांतून आयएनमध्ये येते. लाल दिवा साधारण 1.8 व्होल्ट घेतो, ऑप्टोकपलरचा एलईडी 1.2. दोन्ही मिळून 3.

व्हीसीसीला 3.3 दिले तर रोधासाठी उरतात जेमतेम 0.3 व्होल्ट, म्हणजे विद्युतधारा 0.3 मिलीअँपिअर. इतक्यात ऑप्टोकपलर अर्धवट उघडतो. रिले कधी ओढते, कधी नुसती घरघरते. व्हीसीसीला 5 दिले तर 2 मिलीअँपिअर मिळतात आणि रिले खात्रीने ओढते. मग बंद होईल का? पिन 3.3 व्होल्टवर गेली की उरतात 1.7 व्होल्ट, आणि दोन एलईडींना 3 लागतात. धारा थांबते, रिले सुटते. म्हणून व्हीसीसीला मॉड्यूलच्या बाजूचे 5 व्होल्ट आणि जेडी-व्हीसीसीला दुसऱ्या पुरवठ्याचे 5 व्होल्ट, अशी माझी पसंती.

आता पिन. मॉड्यूलच्या नियंत्रणाच्या पिनांना जीपीआयओ आणि पुढे क्रमांक असं नाव असतं. मॉड्यूल सुरू होताना काही पिना स्वतःच्या कामात असतात. जीपीआयओ15 सुरुवातीला खालीच ओढलेली असावी लागते, म्हणजे तिच्यावरची रिले वीज येताच लागेल. जीपीआयओ0 आणि 2 सुरुवातीला वर असाव्या लागतात. त्यांच्यावर काही लटकवलं तर मॉड्यूल सुरूच न होण्याचा धोका असतो. जीपीआयओ4 आणि 5 शांत असतात, त्याच वापराव्यात. आणि प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, पिनेला आउटपुट करण्याआधी तिची पातळी वर ठेवावी, नाहीतर क्षणभर रिले टक् करून लागते:

```
const int RELAY = 5;

void setup() {
  digitalWrite(RELAY, HIGH);
  pinMode(RELAY, OUTPUT);
}
```

दिव्यासाठी हा क्षण किरकोळ आहे. पाण्याच्या पंपासाठी तो किरकोळ नाही.

## पाच व्होल्ट येतात कुठून

दुसरी सीमा पुरवठ्यात आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त निष्काळजीपणा इथेच होतो. बंद डब्यातलं एसी-डीसी मॉड्यूल किंवा नामांकित मोबाइल चार्जर यांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, तांबं जोडलेलं नसतं. त्याच्या पत्रकात इनपुट-आउटपुटमध्ये किमान 3000 व्होल्टचं आयसोलेशन लिहिलेलं पाहा.

याउलट, कपॅसिटरने व्होल्टेज पाडणारे किंवा ट्रान्सफॉर्मर नसलेले छोटे पुरवठेही मिळतात, आणि कित्येक तयार स्मार्ट स्विचांच्या आत तेच असतात. त्यांचं "ग्राउंड" थेट घरच्या विजेशी जोडलेलं असतं. उपकरण पूर्ण बंदिस्त असेल तर ती रचना चुकीची नाही. पण असा स्विच उघडून, वीज चालू ठेवून, त्यावर संगणकाची प्रोग्रामिंग केबल लावली तर फेज थेट संगणकाच्या अर्थिंगला भिडू शकतो. केबल, संगणक आणि हात, तिन्ही धोक्यात. प्रोग्राम भरायचा तर उपकरण लाइनपासून पूर्ण सोडवायचं आणि बाहेरून 3.3 व्होल्ट द्यायचे. पुढचे बदल वायफायवरून करायचे.

पुरवठा कुठल्या जातीचा आहे हे ओळखण्यासाठी तो लाइनपासून काढा, काही मिनिटं थांबा आणि मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एक टोक कमी व्होल्टेजच्या ग्राउंडला, दुसरं आधी फेजच्या पिनेला, मग न्यूट्रलच्या. टोकं उलटी करून पुन्हा तेच. चारही वेळा मीटरने काहीच दाखवलं नाही तर ट्रान्सफॉर्मर आहे असं मानायला आधार मिळतो. एकदा जरी अर्धा-पाऊण व्होल्ट किंवा शून्याजवळचा आकडा दिसला, तरी डायोडमधून किंवा थेट तांब्यातून रस्ता आहे आणि ते ग्राउंड विजेच्या बाजूचं आहे.

इथे एक शंका नेहमी येते. चांगला आयसोलेटेड पुरवठा असूनही पाच व्होल्टच्या बाजूला टेस्टर लावला तर मंद पेटतो. कारण अनेक पुरवठ्यांत गोंगाट कमी करायला दोन बाजूंमध्ये एक खास सुरक्षा कपॅसिटर लावलेला असतो. त्यातून मायक्रोअँपिअरमध्ये मोजावी इतकी एसी झिरपते, टेस्टरला तेवढी पुरते. तो कपॅसिटर बिघडला तरी शॉर्ट होणार नाही अशा प्रकारचा असतो. पण टेस्टर लख्ख पेटला तर मनाची समजूत घालू नका, पुरवठा बदला.

## भिंतीवरचं बटण मॉड्यूलला जोडू नका

तिसरी सीमा आपण स्वतः तोडतो. फोनबरोबर जुनं बटणही चालायला हवं, म्हणून ते बटण सोडवून त्याच्या वायरी मॉड्यूलच्या पिनेकडे नेल्या जातात. त्या वायरी बोर्डात आणि पाइपमध्ये 230 व्होल्टच्या वायरींना घासून जातात. एका जागी इन्सुलेशन सोललं की मॉड्यूल फेजवर. ब्रेडबोर्डच्या बारीक रंगीत जम्पर वायरी तर या सहवासासाठी बनलेल्याच नसतात.

याला एक फार सुंदर पर्याय आहे, जिन्याच्या दिव्याची जोडणी. रिलेला तीन कॉन्टॅक्ट असतात: सामाईक, नेहमी उघडा आणि नेहमी बंद. म्हणजे ती स्वतःच एक टू-वे स्विच आहे. भिंतीवर साध्या बटणाऐवजी टू-वे बटण बसवायचं. त्याच्या सामाईक टोकाला फेज, उरलेली दोन टोकं रिलेच्या उघड्या आणि बंद कॉन्टॅक्टला, आणि रिलेच्या सामाईक टोकातून वायर दिव्याकडे. आता बटण किंवा रिले, कोणीही बदललं की दिवा बदलतो. वायफाय गेलं, मॉड्यूल जळालं, तरी बटणाने दिवा लागतो. आणि कमी व्होल्टेजची एकही वायर डब्याबाहेर जात नाही. उणीव एकच: दिवा खरंच लागलाय का हे फोनला कळत नाही, कारण रिलेची स्थिती म्हणजे दिव्याची स्थिती नव्हे. ते कळायलाच हवं असेल तर 230 व्होल्ट ओळखणारं ऑप्टोकपलरचं वेगळं मॉड्यूल डब्यातच लावावं.

जुन्या स्विचबोर्डांत पुष्कळदा न्यूट्रल नसतो, फक्त फेज येतो आणि दिव्याकडे जातो. मग पुरवठा चालवायला न्यूट्रल म्हणून अर्थिंगची वायर वापरण्याचा मोह होतो. तो पूर्णपणे टाळा. कुठे अर्थिंग तुटलं, तर त्या वायरीवरच्या सगळ्या उपकरणांचे धातूचे भाग जिवंत होतील. न्यूट्रल ओढून घ्या किंवा डबा दिव्याजवळ, जिथे न्यूट्रल आहे तिथे बसवा. हे काम वायरमनचंच आहे.

## "आरसीसीबी आहे की!"

असायलाच हवा. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, जीव वाचवतो. पण तो गळती सुरू झाल्यावर तुटतो. मॉड्यूलचं ग्राउंड फेजला चिकटलं आणि डबा प्लास्टिकचा असला, तर जमिनीकडे काहीच वाहत नाही, आरसीसीबीला काही दिसत नाही. पहिली गळती तुमच्या हातातून होते. तो तुटेल, पण झटका बसल्यावर. दोन बोटांनी फेज आणि न्यूट्रल धरले तर त्याला त्यात गळती दिसतच नाही.

"ॲपमधून बंद केलं, आता दिवा बदलतो" हेही चालणार नाही. उघड्या कॉन्टॅक्टमधली फट एक मिलिमीटरहूनही कमी असू शकते, आणि मॉड्यूल कधीही पुन्हा सुरू होऊ शकतं. दिव्याला हात लावायचा तर एमसीबी पाडायचा. रिलेतून नेहमी फेज तोडायचा, न्यूट्रल नाही, नाहीतर बंद दिव्याच्या होल्डरमध्येही फेज राहतो.

रिलेवर लिहिलेले 10 अँपिअर साध्या तापणाऱ्या भारासाठी असतात. एलईडी दिवे आणि मोटरी सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट धारा ओढतात आणि कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. रिलेचा टक् आवाज येतोय पण दिवा विझत नाही, तर हेच झालंय. दिवे-पंख्यांसाठी दोन-तीन अँपिअरच्या आत राहा. पंप आणि गीझर थेट या रिलेवर नकोत. रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या धारेसाठी बनवलेली दणकट रिले, चालवावा आणि कॉन्टॅक्टरने पंप.

## वीज देण्याआधीची तपासणी

एमसीबी पाडलेला, डबा उघडा. मॉड्यूल काढून ठेवा. घरच्या विजेची सगळी टोकं (फेज, न्यूट्रल, रिलेचे तिन्ही कॉन्टॅक्ट) एकत्र बांधा. कमी व्होल्टेजची सगळी टोकंही एकत्र बांधा. दोन्ही गटांमध्ये आधी मल्टिमीटरने रस्ता पाहा. काहीच दिसता कामा नये. पण मल्टिमीटर काही व्होल्टांवरच मोजतो, त्याला फक्त जुळलेलं तांबं सापडतं. भिंत पातळ आहे का हे पाहायला इन्सुलेशनचा रोध मोजणारा 500 व्होल्टचा मेगर लागतो, तो वायरमनकडे असतो. कोरड्या, स्वच्छ जोडणीत काटा शेकडो मेगाओहमच्या पुढे जातो. दहा-वीस मेगाओहम दिसले तर बोर्डाच्या खाली सोल्डरचा चिकट फ्लक्स किंवा ओल शोधा, स्पिरिटने पुसा, वाळवा, पुन्हा मोजा. ओलाव्याच्या दिवसांत ही मोजणी पुन्हा एकदा करावी.

पुरवठ्याच्या आधी एक अँपिअरचा फ्यूज असावा. विजेच्या वायरींचे सुटे तंतू स्क्रूबाहेर डोकावू नयेत म्हणून टोकाला नळी दाबून बसवावी, आणि वायर ओढली तरी ताण स्क्रूवर न येता डब्याच्या पकडीवर यावा. बोर्ड धातूच्या खिळ्यांवर नाही, प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर बसवावा. डब्याच्या मधोमध प्लास्टिकची पट्टी उभी करून एका बाजूला घरची वीज आणि दुसऱ्या बाजूला मॉड्यूल ठेवलं, तर स्क्रूतून सुटलेली वायरही पलीकडे पोहोचत नाही.

महिन्याभराने एमसीबी पाडून डबा पुन्हा उघडा आणि स्क्रू आवळून पाहा. तांबं गरम-थंड होऊन ते सैल पडतात. टर्मिनलचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी दिसलं, जळका वास आला किंवा दिवा चालू असताना रिले गुणगुणत होती, तर तो बोर्ड पुन्हा वापरू नका.